रद्द केलेल्या तिकिटाचे किती पैसे परत येतात?

रेल्वेचे तिकीट रद्द केले की पैसे कापले जातात, हे सगळ्यांना ठाऊक असते. नेमके किती कापले जातात आणि ते कशावरून ठरते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. खात्यात परत आलेली रक्कम पाहून एक जण म्हणतो, ‘निम्मे पैसे गेले’. दुसरा म्हणतो, ‘माझे तर साठच रुपये गेले’. दोघांचेही खरे असते. एकाच गाडीचे, एकाच वर्गाचे, एकाच भाड्याचे तिकीट एकाच मिनिटाला रद्द करणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाला जवळजवळ सगळे पैसे परत मिळू शकतात आणि दुसऱ्याच्या हाती छदामही लागत नाही, असेही होते. त्यात कोणी कोणावर मेहेरबानी केलेली नसते. हिशेब ठरलेला असतो आणि तो समजायला अवघडही नाही. फक्त तो तिकीट काढतानाच माहीत असायला हवा. ऐनवेळी, घरात कोणी आजारी पडलेले असताना किंवा ठरलेले कार्य पुढे ढकलले गेलेले असताना तो शोधत बसायला कोणालाच सवड नसते.

सध्याच्या पद्धतीचा पाया 12 नोव्हेंबर 2015 रोजी लागू झालेल्या परताव्याच्या नियमांनी घातला. या नियमांत तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, तुमचे तिकीट कन्फर्म आहे, आरएसी आहे की वेटिंगवर. दुसरी, तिकीट कोणत्या वर्गाचे आहे. आणि तिसरी, गाडी सुटायला किती तास उरले आहेत. तास मोजले जातात ते वेळापत्रकात छापलेल्या सुटण्याच्या वेळेपासून मागे. गाडी त्या दिवशी प्रत्यक्षात अर्धा तास उशिरा सुटली, तर तो अर्धा तास तुमच्या पदरात पडत नाही.

कन्फर्म तिकिटाचे चार टप्पे

कन्फर्म तिकिटासाठी 2015च्या नियमांनी चार टप्पे पाडले. गाडी सुटायला 48 तासांपेक्षा जास्त वेळ असेल, तर माणशी एक ठरावीक रक्कम कापली जाते. एसी फर्स्ट आणि एक्झिक्युटिव्ह वर्गासाठी 240 रुपये, सेकंड एसीसाठी 200, थ्री एसी आणि एसी चेअर कारसाठी 180, स्लीपरसाठी 120 आणि बसून जायच्या सेकंड क्लाससाठी 60. एसीच्या वर्गांना या रकमेवर जीएसटीही लागतो. 48 ते 12 तासांच्या दरम्यान तिकीट रद्द केले, तर भाड्याच्या 25 टक्के कापले जातात. 12 ते 4 तासांच्या दरम्यान 50 टक्के. आणि चार तासांहून कमी वेळ उरला असेल, तर कन्फर्म तिकिटावर काहीही परत मिळत नाही.

हे टप्पे पूर्वी इतके कडक नव्हते. 2013च्या जुलैपासून 2015च्या नोव्हेंबरपर्यंत जे नियम होते, त्यांत 25 टक्क्यांचा टप्पा गाडी सुटायच्या सहा तास आधीपर्यंत चालायचा. गाडी सुटून गेल्यावरही दोन तासांपर्यंत निम्मे पैसे परत मिळायचे. स्टेशनवर पोहोचायला उशीर झाला आणि डोळ्यांदेखत गाडी निघून गेली, तरी माणूस खिडकीवर जाऊन निम्मे पैसे घेऊन यायचा. 2015मध्ये ही सवलत गेली आणि माणशी कापली जाणारी ठरावीक रक्कमही दुप्पट झाली. स्लीपरला ती 60 होती, ती 120 झाली.

यामागचे कारण समजून घ्यायला हवे. शेवटच्या क्षणी रिकामा झालेला बर्थ रेल्वेला विकता येईलच असे नसते. दोन दिवस आधी जागा सुटली, तर वेटिंगवरच्या माणसाला ती मिळते आणि त्याला आपल्या प्रवासाची तयारीही करता येते. चार्ट लागल्यानंतर सुटलेली जागा चालू आरक्षणात गेली तर गेली, नाहीतर बर्थ रिकामाच धावतो आणि त्याच गाडीचे वेटिंगचे तिकीट हाती असलेला कोणीतरी घरी बसलेला असतो. शिवाय, रद्द करणे स्वस्त असले की दलालांना जागा अडवून ठेवणे आणि गिऱ्हाईक न मिळाल्यास शेवटच्या घटकेला सोडून देणे परवडते. वेळ जवळ येईल तशी कपात वाढवण्याचा हेतू इतकाच, की ज्याला जायचे नाही त्याने ते लवकर सांगावे.

चार माणसे, एक तिकीट

एक उदाहरण सोडवून पाहू. आई-वडील आणि दोन मोठी मुले अशा चौघांचे 2024च्या मे महिन्यातले तिकीट धरा. 10 मेच्या रात्री मुंबईच्या सीएसएमटीहून 11 वाजून 5 मिनिटांनी सुटणाऱ्या कोकणकन्येचे, थ्री एसीचे. हिशेब सोपा व्हावा म्हणून माणशी भाडे 1,200 रुपये मानू. चौघांचे 4,800 झाले. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे 240 रुपये. एकूण 5,040 रुपये. चौघांच्याही जागा कन्फर्म आहेत.

आता आधी घड्याळ लावून घेऊ. गाडी 10 तारखेला रात्री 11:05ची. म्हणजे 48 तासांची रेषा 8 तारखेच्या रात्री 11:05ला पडते. 12 तासांची रेषा 10 तारखेच्या सकाळी 11:05ला आणि चार तासांची त्याच दिवशी संध्याकाळी 7:05ला.

कुटुंबाने 7 मे रोजी तिकीट रद्द केले, तर माणशी 180 प्रमाणे 720 रुपये आणि त्यावर 36 रुपये जीएसटी असे 756 रुपये कापले जातील. 4,284 रुपये परत येतील. तेच तिकीट 9 मेच्या दुपारी रद्द केले, तर माणशी 300 प्रमाणे 1,200 आणि जीएसटीचे 60 असे 1,260 जातील. 3,780 परत येतील. 10 मेच्या दुपारी एक वाजता रद्द केले, तर निम्मे भाडे, म्हणजे 2,400 आणि त्यावरचा 120 रुपये कर जाईल. हाती 2,520 येतील. आणि संध्याकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी ठरवले की जायचे नाही, तर शून्य.

यात सगळ्यात महाग ठरतात त्या तीन रेषांच्या आसपासची काही मिनिटे. 8 तारखेला रात्री 11 वाजता आणि सव्वाअकराला तिकीट रद्द करण्यात या कुटुंबाला 504 रुपयांचा फरक पडतो. 10 तारखेला सकाळी 11 वाजता आणि सव्वाअकराला रद्द करण्यात 1,260 रुपयांचा. संध्याकाळी सात आणि सव्वासात यांच्यात 2,520 रुपयांचा. दोन रेषांच्या मधल्या काळात मात्र घाई करून काहीही वाचत नाही. 9 तारखेच्या सकाळी रद्द करा नाहीतर 10 तारखेच्या सकाळी दहाला, 1,260च जाणार. म्हणून जायचे की नाही याबद्दल मन डळमळीत असेल, तर पुढची रेषा कधी येते ते पाहावे आणि तोपर्यंत थांबावे. रेषा ओलांडल्यावर घाईघाईने रद्द करण्यात अर्थ नसतो; रेषेच्या अलीकडे मात्र एकेक मिनिट मोलाचे असते.

चौघांपैकी एकालाच जायचे नसेल, तर सगळे तिकीट रद्द करायची गरज नाही. त्या एकाचे नाव निवडून तेवढेच रद्द करता येते आणि कपातही एकाचीच होते. घरातल्याच दुसऱ्या कोणाला त्याच्या जागी पाठवायचे असेल, तर आणखी एक वाट आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या नावावर कन्फर्म तिकीट बदलून देता येते. त्यासाठी गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात ओळखपत्रांसह अर्ज द्यावा लागतो आणि हा बदल एकदाच होतो. वडिलांच्या ऐवजी बहीण जाणार असेल, तर कपातीचा प्रश्नच उरत नाही.

कमी भाड्याचे तिकीट आणि किमान रक्कम

वरच्या उदाहरणात एक गोष्ट दिसली नाही, कारण भाडे बऱ्यापैकी मोठे होते. 25 आणि 50 टक्क्यांच्या टप्प्यांनाही एक तळ आहे. पहिल्या टप्प्यातली ठरावीक रक्कम ही किमान कपात असते. टक्क्यांचा हिशेब त्याहून कमी आला, तरी कापली जाते ती किमान रक्कमच.

स्लीपरचे 400 रुपयांचे तिकीट घ्या. 400चे 25 टक्के म्हणजे 100. पण स्लीपरची किमान कपात 120. म्हणून हे तिकीट चार दिवस आधी रद्द केले तरी 120 जाणार आणि गाडी सुटायच्या 13 तास आधी रद्द केले तरी 120च. 48 तासांची रेषा या प्रवाशासाठी नसल्यातच जमा आहे. त्याची खरी रेषा 12 तासांची. ती ओलांडली की 200 जातात.

ही सीमा कुठे येते, ते किमान रकमेला चाराने गुणले की कळते. स्लीपरला 480, थ्री एसीला 720, सेकंड एसीला 800 रुपये. तुमचे माणशी भाडे याहून कमी असेल, तर दोन दिवस आधी धावपळ करून तिकीट रद्द करण्याने एक रुपयाही जास्त परत मिळत नाही. दादर ते चिपळूण किंवा पुणे ते सोलापूर अशा जवळच्या प्रवासांना हे बऱ्याचदा लागू पडते. याची दुसरी बाजू अशी, की जवळच्या आणि स्वस्त तिकिटाला हीच कपात प्रमाणाने फार जड जाते. सेकंड क्लासचे आरक्षित तिकीट 100 रुपयांचे असेल, तर आठवडाभर आधी रद्द करूनही 60 रुपये जातात. लांबच्या प्रवासाच्या महागड्या तिकिटाला पहिल्या टप्प्यात जे झळही न लागता निभावते, ते इथे निम्म्याहून अधिक भाडे खाऊन टाकते.

वेटिंग आणि आरएसीचा वेगळा हिशेब

तिकीट वेटिंगवर किंवा आरएसीत असेल, तर वरच्या टप्प्यांपैकी एकही लागू होत नाही. गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत माणशी 60 रुपये क्लार्केज कापून बाकीचे परत मिळतात; एसी वर्गात त्यावर जीएसटी. चार्ट लागल्यावरही ऑनलाइन काढलेले तिकीट पूर्ण वेटिंगवरच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि क्लार्केज कापून पैसे खात्यात येतात. त्यासाठी काही करावे लागत नाही. मात्र खिडकीवर काढलेले वेटिंगचे तिकीट आपोआप रद्द होत नाही; ते घेऊन अर्धा तास आधीपर्यंत खिडकी गाठावी लागते.

आरएसीची गोष्ट इथे ध्यानात ठेवायची. चार्टनंतरही तिकीट आरएसीतच असेल, तर बाजूच्या बर्थवर बसायची जागा मिळते आणि गाडीत चढता येते, म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. जायचे नसेल, तर अर्धा तास आधी स्वतःहून पाऊल उचलावे लागते. ‘कन्फर्म झाले नाही, आता पैसे येतीलच’ असे म्हणून आरएसीचा माणूस गप्प बसला, तर त्याचे सगळे पैसे बुडतात.

आता सुरुवातीला सांगितलेल्या दोन कुटुंबांकडे येऊ. एका तिकिटावर चार माणसे आहेत, तिघे कन्फर्म आणि एक वेटिंगवर किंवा आरएसीत राहिला. अशा वेळी घरच्यांनी त्याला सोडून जावे, अशी अपेक्षा नियमही करत नाही. सगळ्यांचे मिळून तिकीट अर्धा तास आधीपर्यंत रद्द केले किंवा चार्ट लागला असल्यास ऑनलाइन टीडीआर भरला, तर कन्फर्म तिघांचेही फक्त क्लार्केजच कापले जाते. आपल्या कोकणकन्येच्या उदाहरणात हा हिशेब माणशी 63 प्रमाणे 252 रुपयांचा होतो आणि 4,788 रुपये परत येतात. संध्याकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी चौघे कन्फर्म असलेल्या कुटुंबाला शून्य रुपये. त्याच मिनिटाला एक जण वेटिंगवर राहिलेल्या कुटुंबाला 4,788. हा नियम माहीत नसल्याने कित्येक जण फक्त वेटिंगवाल्याचे पैसे परत येतील, असे धरून चालतात आणि बाकीच्यांच्या तिकिटावर पाणी सोडतात.

वेटिंग कन्फर्म होते तेव्हा

याउलट, वेटिंगचे तिकीट कन्फर्म होण्यातही एक धोका दडलेला असतो. सुट्टीच्या दिवसांत लोक गाडीचे वेटिंगचे तिकीट काढतात आणि धीर सुटला की खासगी बसचेही आरक्षण करतात. गाडीचे तिकीट वेटिंगवर राहिले तर आपोआप रद्द होईल, साठ रुपये जातील, असा त्यांचा हिशेब असतो. पण चार्ट लागताना शेवटच्या रद्द तिकिटांच्या आणि न वापरलेल्या कोट्याच्या जागा वेटिंगला दिल्या जातात. तिकीट कन्फर्म होते आणि त्याच क्षणी ते साठ रुपयांच्या नियमातून निघून कन्फर्मच्या टप्प्यांत जाऊन पडते.

कित्येक वर्षे चार्ट गाडी सुटायच्या चार तास आधी लागत असे. कन्फर्म तिकिटावर काहीच परत न मिळण्याची रेषाही चार तासांचीच. म्हणजे तिकीट कन्फर्म झाल्याचा मेसेज यायचा तोच मुळी पैसे परत मिळण्याची मुदत संपल्यावर किंवा संपता संपता. ज्याने बसचे तिकीट काढून ठेवले होते, त्याचे गाडीचे सगळे पैसे जायचे आणि वर त्याचा बर्थही रिकामा जायचा. जुलै 2025पासून पहिला चार्ट किमान आठ तास आधी लावायचा निर्णय झाला. दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्री लागू लागला. यामुळे निदान श्वास घ्यायला उसंत मिळाली. तरीही धोका पूर्ण टळलेला नाही. दुसरी सोय पक्की झाली असेल, तर चार्टची वाट पाहू नये. वेटिंगचे तिकीट चार्ट लागायच्या आधीच रद्द करून टाकावे. साठ रुपये दोन्हीकडे जाणारच आहेत. उरलेले पैसे तरी पणाला लागत नाहीत.

गाडीच उशिरा असेल तर

आतापर्यंतचा सगळा हिशेब प्रवाशाने स्वतःच्या कारणाने तिकीट रद्द केले तरचा आहे. चूक रेल्वेकडची असेल, तर घड्याळाचे टप्पे गळून पडतात. गाडीच रद्द झाली, तर ऑनलाइन तिकिटाचे सगळे भाडे आपोआप परत येते. खिडकीच्या तिकिटाचे पैसे ठरलेल्या दिवसापासून तीन दिवसांच्या आत खिडकीवर मागावे लागतात. तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तरीही सगळे भाडे परत मिळते. एरवी ज्या कन्फर्म तत्काळ तिकिटावर एक पैसाही परत मिळत नाही, त्यालाही ही सवलत आहे.

पण इथेच सर्वांत जास्त चूक होते. गाडी पाच तास उशिरा आहे हे कळताच माणूस मोबाइल उघडतो आणि नेहमीच्या पद्धतीने तिकीट रद्द करतो. संगणकाच्या लेखी ते स्वतःच्या कारणाने केलेले रद्दीकरण ठरते आणि टप्प्याप्रमाणे पैसे कापले जातात. उशिराच्या गाडीसाठी वाट वेगळी आहे. ऑनलाइन तिकीट असेल, तर आयआरसीटीसीवर टीडीआर भरायचा, त्यात गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्याने प्रवास केला नाही, हे कारण निवडायचे आणि तेही गाडी प्रत्यक्षात तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आधी. गाडी निघून गेल्यावर भरलेला टीडीआर उपयोगाचा नसतो. टीडीआरचे पैसे लगेच येत नाहीत. रेल्वे आपल्या नोंदी तपासते, गाडी खरोखर किती उशिरा होती आणि त्या बर्थवर कोणी प्रवास केला का ते पाहते, आणि मगच मंजुरी देते. म्हणून गाडीचा उशीर दाखवणाऱ्या पडद्याचे छायाचित्र आणि टीडीआरची पावती जपून ठेवावी.

परत आलेली रक्कम तपासून पाहा

वर सांगितलेली कपात धरूनही रक्कम दहा-वीस रुपयांनी कमी दिसू शकते. ऑनलाइन तिकिटावर आयआरसीटीसी जे सुविधा शुल्क घेते, ते परत मिळत नाही. प्रवास विम्याचा हप्ताही नाही. एसी तिकिटाच्या भाड्यावर भरलेला जीएसटी मात्र परत येतो, फक्त कापलेल्या रकमेवरचा कर रेल्वे ठेवून घेते. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाचे पैसे आधी एजंटाच्या खात्यात जातात. अशा वेळी प्रवाशाच्या मोबाइलवर रकमेसह एक ओटीपी येतो. तो एजंटाला सांगण्याआधी रक्कम वाचून घ्यावी आणि तेवढीच मागावी. तिकीट काढताना एजंटाने स्वतःचाच मोबाइल क्रमांक घातला असेल, तर ही माहिती तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

हिशेब तपासण्याने काय होते, याचे एक उदाहरण राजस्थानातल्या कोट्याचे आहे. तिथल्या एका अभियंत्याने 2 जुलै 2017च्या प्रवासासाठी कोटा ते नवी दिल्ली असे 765 रुपयांचे तिकीट आधीच काढून ठेवले होते. ते वेटिंगवर राहिल्याने त्याने रद्द केले. 65 रुपये कापले जायला हवे होते, कापले गेले 100. वरचे 35 रुपये सेवाकराचे होते. 1 जुलैपासून जीएसटी सुरू झाला आणि त्या बदलाच्या काळात काढलेल्या-रद्द केलेल्या तिकिटांवर हा कर चुकीचा राहून गेला होता. त्याने माहिती अधिकाराचे अर्ज केले, पत्रे लिहिली. 2019मध्ये त्याला 33 रुपये मिळाले. उरलेल्या दोन रुपयांसाठी तो आणखी तीन वर्षे झगडला आणि 2022मध्ये तेही मिळाले. मुख्य म्हणजे त्या अर्जांतून असे उघड झाले, की हेच 35 रुपये जवळपास 2 लाख 98 हजार खातेदारांचे कापले गेले होते आणि त्यांना मिळून सुमारे 2 कोटी 43 लाख रुपये परत करायला मंजुरी मिळाली. एका माणसाने पस्तीस रुपयांचा हिशेब जुळवला नसता, तर बाकीच्यांना आपले काही जास्त गेले आहे हे कळलेही नसते.

रेषा पुढे सरकत आहेत

टप्प्यांचे हे तास कायमचे नाहीत. 2026च्या जानेवारीत सुरू झालेल्या वंदे भारत स्लीपरसाठी ते वेगळे ठरवले गेले. तिथे 72 तासांपेक्षा जास्त वेळ आधी तिकीट रद्द केले तरी 25 टक्के जातात, 72 ते 8 तासांत 50 टक्के आणि आठ तासांच्या आत काहीच परत मिळत नाही. म्हणजे कपातीला सुरुवातच चौथ्या हिश्शापासून होते. म्हणून या लेखातले 48, 12 आणि 4 हे आकडे 2015च्या नियमांचे आहेत असे समजावे आणि स्वतःच्या गाडीला त्या दिवशी कोणते टप्पे लागू आहेत ते तिकीट काढतानाच पाहावे. ऑनलाइन तिकीट रद्द करताना नक्की करण्याच्या आधी किती रक्कम परत येईल, हे पडद्यावर दाखवले जाते. तो आकडा आणि आपला हिशेब जुळत नसेल, तर पुढचे बटण दाबू नये.

शेवटी जास्त वेळ मिळालेल्याने कमी गमवावे, हे तत्त्व रास्त आहे आणि रिकामा बर्थ धावू नये म्हणून ते हवेही. पण दोन गोष्टी रेल्वेने दुरुस्त करायला हव्यात. जे वेटिंगचे तिकीट प्रवाशाने रद्द केलेच नाही, रेल्वेच जागा देऊ शकली नाही म्हणून आपोआप रद्द झाले, त्यावर क्लार्केज घेण्याला काही आधार उरत नाही. संगणकानेच केलेल्या कामाचे साठ रुपये प्रवाशाने का द्यावेत? आणि कमी भाड्याच्या सेकंड क्लासच्या तिकिटाला किमान कपातीचा जो फटका बसतो, त्याला भाड्याच्या प्रमाणात एक कमाल मर्यादा असली पाहिजे. हे होईल तेव्हा होईल. तोवर प्रवाशाने एवढे करावे: तिकीट हाती आले की गाडीच्या सुटण्याच्या वेळेवरून मागे मोजून कपातीच्या तिन्ही रेषांची तारीख आणि वेळ मोबाइलमध्ये गजरासह लावून ठेवावी.